विचारलंय काय, ते आधी सांग

माकणीला मामांच्या ओसरीवर बसलं की निम्न तेरणेच्या धरणाकडचा वारा अंगावर येतो. दिवाळीची सुट्टी होती. सोयाबीनची रास उचलून झाली होती आणि अंगणात पोती थप्पीला लावलेली होती. मामांनी लोहारा तालुक्यात आयुष्यभर मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवलं. मी लातूरला नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. माझी दहावीही मराठीतूनच झाली, त्यामुळे अकरावीत पहिल्या दिवशी इंग्रजी पुस्तक उघडल्यावर पोटात येणारा गोळा मला पुस्तकातून माहीत नाही, स्वतःचा माहीत आहे.

शेजारची मुलगी सराव पेपर घेऊन आली. दहावीपर्यंत गावात शिकली, आता लातूरला बारावीत आहे. जीवशास्त्राच्या नव्वद प्रश्नांतले चौदा चुकले होते. ती मला म्हणाली, "मॅडम, अभ्यास कमी पडतोय." मी पेपर हातात घेणार, एवढ्यात मामांनी तो आपल्याकडे ओढला, चुकलेल्या पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि खालचे चारही पर्याय तळहाताने झाकले.

"वाच. आणि उत्तर सांगू नको. ह्यात विचारलंय काय, तेवढं आधी सांग. मराठीत सांग."

तिने वाचलं : "द हॉर्मोन सिक्रीटेड बाय द अँटीरिअर पिट्युइटरी दॅट स्टिम्युलेट्स द सेल्स सिक्रीटिंग अँड्रोजेन्स इज..."

थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "अँड्रोजेन कोणतं, ते विचारलंय."

"म्हणून तू टेस्टोस्टेरॉनवर खूण केलीस. बरं, आता प्रश्न सोड. एल.एच. काय करतं, सांग बघू."

"ते पिट्युइटरीतून येतं, लायडिग पेशींवर काम करतं, मग त्या पेशी अँड्रोजेन तयार करतात," तिने एका दमात सांगितलं. सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं आणि तिने मामांचा हात बाजूला करून दुसरा पर्याय बघितला. तिथे एल.एच. होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बघ. हिला उत्तर येतंय. हिला प्रश्न येत नाही. चौदापैकी असे किती निघतात, ते आपण बघू. माझं म्हणणं आहे की लेकरांनी प्रश्न आधी मनात मराठीत करून घ्यावा. तुम्ही क्लासवाले त्यांना सांगता, मराठीत विचारच करू नका. तिथेच घोळ होतो."

"मामा, पूर्ण भाषांतर करायला वेळ कुठे आहे? २०२५ पासून एकशेऐंशी प्रश्नांना एकशेऐंशी मिनिटं आहेत. त्यात फिजिक्सची गणितं आली. आम्ही मुलांना सांगतो की जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न पन्नास मिनिटांत संपवा, म्हणजे एका प्रश्नाला अर्धं मिनिट आणि थोडं वर. वाचायचं, ठरवायचं, गोल रंगवायचा. एवढ्यात भाषांतर करायला बसलं तर शेवटचे वीस प्रश्न कोरे राहतील. मी असे पेपर तपासलेत. हुशार मुलं असतात, आणि शेवटचं पान रिकामं."

"मग चुकीचा वाचून वेळेत संपवण्यात काय मिळालं? बरोबरचे चार जातात आणि वर एक कापला जातो. एका प्रश्नाला पाच गुणांचा फरक."

त्यांचं हे म्हणणं मला टाळता येईना. पण पूर्ण भाषांतराचा उपाय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. मी तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि त्याखाली त्याचंच मराठी लिहिलं : अँड्रोजेन तयार करणाऱ्या पेशींना चालना देणारं, पिट्युइटरीच्या पुढच्या भागातून स्रवलेलं हॉर्मोन कोणतं?

"ह्यात हॉर्मोन हा शब्द कुठे आला?" मी तिला विचारलं.

"शेवटी."

"आणि इंग्रजीत?"

"सुरुवातीला. दुसराच शब्द."

चूक इथे होते, आणि ती का होते ते मुलांना कुणी सांगत नाही. मराठीत वर्णन आधी येतं आणि ज्याचं वर्णन करायचं ते नाव मागून येतं. 'काल बाजारातून आणलेली, लाल काठाची, आईला आवडलेली साडी.' साडी शेवटी. आपला कान जन्मापासून शेवटच्या नावाची वाट बघायला शिकलेला असतो. इंग्रजी नाव आधी सांगून मोकळी होते आणि वर्णनाची शेपटी मागे जोडत जाते. मराठी कानाची मुलगी ती शेपटी ऐकत ऐकत शेवटच्या नावापर्यंत जाते आणि तिथे थांबते. ह्या प्रश्नात शेवटचं नाव अँड्रोजेन होतं, आणि टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजेन आहेच. पेपर काढणाऱ्याने तो पर्याय तिथे ठेवला तो ह्याच वाचकासाठी. राहिलेले दोन होते जी.एन.आर.एच. आणि एफ.एस.एच. पहिलं हायपोथॅलॅमसमधून येतं आणि दुसरं सर्टोली पेशींवर काम करतं. म्हणजे चारही पर्याय त्याच धड्यातले, आणि प्रश्न अर्धा वाचणाऱ्याला त्यातला एक तरी बरोबर वाटणारच.

मामा म्हणाले, "म्हणजे तूही मराठीच केलंस की प्रश्नाचं."

"केलं, पण शब्दांचं नाही केलं. अँड्रोजेन, पिट्युइटरी, हॉर्मोन तसेच ठेवले. फक्त बांधणी फिरवली. मुलीला मी सांगेन की इतकंही लिहू नको. वाचताना पहिलं मोठं नाव सापडलं की त्याच्याभोवती गोल कर आणि पुढचं सगळं त्या गोलाचं वर्णन आहे असं धरून वाच."

"आणि ते सिक्रीटेड, सिक्रीटिंग? त्याचं काय? पोरीला दोन्ही सारखेच वाटले असणार."

ती म्हणाली, "हो. दोन्हीचा अर्थ स्रवणं असाच लावला मी."

मामांना इथे मजबूत जागा सापडली आणि त्यांनी ती सोडली नाही. त्यांनी तिला दोन शब्द लिहायला लावले : स्रवलेलं आणि स्रवणारं. "शेवटी 'एड' असेल आणि तो शब्द नावाच्या मागे चिकटला असेल तर आपलं 'लेलं' लावून बघ. हॉर्मोन सिक्रीटेड, म्हणजे स्रवलेलं हॉर्मोन. 'इंग' असेल तर 'णारं' लावून बघ. सेल्स सिक्रीटिंग, म्हणजे स्रवणाऱ्या पेशी. एक स्वतः काम करतं, दुसऱ्यावर काम झालेलं असतं. आपल्या भाषेत हा फरक आधीच आहे, नवीन काही शिकायचं नाही."

मी एक पाचर मारली, कारण ती मारणं भाग होतं. 'इंग' प्रत्येक वेळी 'णारं' नसतं. 'ड्युरिंग', 'फॉलोइंग' हे शब्द आहेत, 'ब्रीदिंग इज' म्हणजे श्वास घेणं. आणि 'एड' कधी साधा भूतकाळही असतो. मामांची खूण नावाच्या लगेच मागे आलेल्या शब्दालाच लावायची. पण तिथे ती चालते, आणि नीटच्या जीवशास्त्रात असे प्रश्न पोत्याने असतात.

मुलीने पुढचा चुकलेला प्रश्न काढला. माणसाच्या हृदयाबद्दल चार विधानं दिली होती आणि वर लिहिलं होतं : 'आयडेंटिफाय द इन्करेक्ट स्टेटमेंट.' पहिलं विधान होतं की उजव्या कर्णिकेत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त येतं. तिने तिथेच गोल रंगवला होता.

"हे तर बरोबर आहे की," मामा म्हणाले.

"बरोबर आहे म्हणूनच केलं. वाचलं, बरोबर वाटलं, लगेच रंगवलं. इन्करेक्ट वाचलं होतं मी, पण पर्यायापर्यंत येईस्तोवर गेलं डोक्यातून."

मामा म्हणाले की ही घाई आहे, भाषा नाही. ह्यावर आमची बराच वेळ जुंपली. मला ती भाषाच वाटते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही?' ह्यातलं 'नाही' वाचून डोळा लगेच पर्यायावर जातो, ते ताजं असतं. इंग्रजीत 'विच वन ऑफ द फॉलोइंग इज नॉट' म्हटल्यावर पुढे दीड ओळ असते. तो नकार डोक्यात धरून ठेवायची सवय आपल्या मुलांना नाही, कारण आपल्या भाषेने तसं काम त्यांच्याकडून कधी करूनच घेतलं नाही. आणि ते तसं का आहे हे न सांगता नुसतं 'नीट वाच' म्हटलं की पोर तोच प्रश्न त्याच चुकीने पुन्हा वाचतं.

मामांनी ऐकून घेतलं, पण उपाय त्यांचाच सरस निघाला. ते म्हणाले, "मग त्याला धरून ठेवायला सांगूच नको. पोरी, वरचा प्रश्न काय आहे ते विसर. चारही विधानांना शेजारी बरोबर किंवा चूक अशी खूण कर. शाळेत 'चूक की बरोबर ते लिहा' करायचो, तसं. सगळं झाल्यावर वर बघ की ह्यांना काय हवंय."

तिने केलं. उजव्या कर्णिकेचं विधान बरोबर. एस.ए. नोड उजव्या कर्णिकेच्या वरच्या कोपऱ्यात, बरोबर. ट्रायकस्पिड झडप डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामध्ये, इथे ती थबकली आणि चूक लिहिलं, कारण ती झडप उजव्या बाजूला असते. डाव्या जवनिकेतून रक्त महाधमनीत जातं, बरोबर. तीन बरोबर, एक चूक. वर पाहिलं, इन्करेक्ट मागितलं होतं. तिसरा.

"आणि जर चारांपैकी तीन चूक आणि एकच बरोबर निघालं, आणि वर इन्करेक्ट लिहिलेलं असलं तर?" मी विचारलं.

"तर माझ्याच एखाद्या खुणेत गडबड आहे, किंवा मी वरचं चुकीचं वाचलंय," ती म्हणाली. ही ह्या पद्धतीची खरी कमाई आहे. चूक झाली तर खुणांची बेरीज जुळत नाही आणि रंगवायच्या आधीच कळतं.

मग नकार लपलेले शब्द आले. 'नॉट' आणि 'नो' दिसतात तरी. शिवाय आपल्या कानाला 'न' ओळखीचा आहे, कारण नाही, नसणे, नको, सगळीकडे तोच 'न'. पण 'लॅक' ह्या शब्दात नकाराचा आवाजच नाही. 'डिव्हॉइड', 'अ‍ॅब्सेंट', 'फेल', 'एक्सेप्ट', 'रेअरली', हे सगळे तसेच. चाळणी नलिकेच्या पक्व पेशी 'लॅक अ न्यूक्लिअस', म्हणजे त्यांना केंद्रक नसतं, हे विधान बरोबर आहे. मुलीने ते चूक ठरवलं होतं. 'लॅक'चा अर्थ तिला माहीत होता, पण वाक्यात काहीही नकारी दिसलं नाही म्हणून डोळ्याने 'हॅव' वाचलं. मामांनी तिला वहीच्या पहिल्या पानावर हे सहा शब्द लिहायला लावले आणि प्रत्येकासमोर एकच शब्द, नसणे, सोडून किंवा क्वचित. मी आणखी चार सांगणार होते, त्यांनी थांबवलं. "सहाच राहू दे. सहा लक्षात राहतील."

ह्यानंतर प्रश्नपुस्तिकेचा विषय निघाला. नीटचा अर्ज भरताना पेपरची भाषा निवडावी लागते. तेरा भाषा आहेत, मराठी त्यातली एक. इंग्रजी निवडली तर फक्त इंग्रजी पुस्तिका मिळते. मराठी निवडली तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकत्र छापलेली मिळते. अर्जातल्या दुरुस्तीची मुदत संपली की बदल करता येत नाही.

"मग ह्यात विचार कसला करायचा?" मामा म्हणाले. "दोन्ही मिळतंय ते घ्यावं. अडलं तर शेजारी मराठी आहे."

"मराठीतलं काय आहे, मामा? अकरावी-बारावीत ही मुलगी एंडोस्पर्म म्हणते. तिथे भ्रूणपोष छापलेलं असेल. हा शब्द तिने दोन वर्षांत एकदाही ऐकलेला नाही. तिला इंग्रजी एकदा वाचावं लागेल, मराठी एकदा, आणि मग दोन्ही जुळतात का ते बघावं लागेल. आणि नियम स्पष्ट आहे की भाषांतरात काही शंका आली तर इंग्रजी मजकूर अखेरचा मानला जाईल. २०१८ साली तमिळ पेपरचं काय झालं आठवतं? एकोणपन्नास प्रश्नांच्या भाषांतरात चुका आहेत असा दावा न्यायालयात गेला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने प्रत्येकी चार याप्रमाणे एकशे शहाण्णव गुण द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला आधी स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्दच केला. ज्या मुलांनी आपल्या भाषेवर विसंबून उत्तरं दिली, त्यांच्या हातात काही आलं नाही."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना त्या मुलांबद्दल वाईट वाटलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "ह्यातून तू काढतेस की मराठी घेऊ नये. मला उलट दिसतं. त्या पोरांनी फक्त तमिळ वाचलं असेल. दोन्ही शेजारी असताना एकच वाचायचं हाच तोटा. ही पोर उत्तर इंग्रजीवरूनच देईल. मराठी बघेल ती फक्त एवढ्यासाठी की ह्यात नकार आहे का, आणि विचारलंय कुणाबद्दल. भ्रूणपोष कळलं नाही तरी 'नाही' तर कळेल ना?"

हे मी आधी ऐकलं नव्हतं. मराठी मजकूर शब्दांसाठी न वाचता नुसत्या सांगाड्यासाठी वाचायचा. खरं सांगायचं तर मी वर्गात सरसकट इंग्रजी पुस्तिका घ्यायला सांगते, आणि ते सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ज्यांचं इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे अशी मुलं असतात. मामांच्या डोळ्यांपुढे माकणी, सास्तूर, लोहाऱ्याची मुलं असतात. मी त्यांतलीच एक असून मला हे सुचलं नाही, ह्याची मला टोचणी लागली.

विधान आणि कारण असे जोडीचे प्रश्न मात्र मामांना नवीन होते. 'असर्शन' आणि 'रीझन'. मुलीचा चुकलेला प्रश्न असा होता. विधान : माणसाच्या पक्व लाल रक्तपेशींत केंद्रक नसतं. कारण : प्रौढ माणसात लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. तिने 'दोन्ही खरी आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण' असं उत्तर दिलं होतं.

"दोन्ही खरी आहेत ना?" मामांनी विचारलं.

"आहेत," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यावर 'कारण' लिहिलंय. मग ते कारणच असणार."

अगदी असंच घडतं. 'रीझन' हे तिथे नुसतं नाव आहे, जसं 'अ' आणि 'ब' असतं. पण मूल त्याचं मराठी 'कारण' करतं आणि त्या शब्दाने बांधलं जातं. मामांच्या भाषांतराने इथे नुकसानच केलं, आणि मी ते त्यांना बोलून दाखवलं.

"अर्धवट भाषांतराने नुकसान केलं," ते म्हणाले. "पुरतं करू दे तिला. दोन वाक्यांच्या मध्ये 'कारण' घालून मोठ्याने म्हण."

ती म्हणाली, "लाल पेशींत केंद्रक नसतं, कारण त्या अस्थिमज्जेत तयार होतात."

"पटलं?"

ती विचारात पडली. मी एवढंच विचारलं, "अस्थिमज्जेत आणखी काय तयार होतं?"

"पांढऱ्या पेशी." आणि मग लगेच, "त्यांना तर केंद्रक असतं!"

म्हणजे अस्थिमज्जेत तयार होण्यामुळे केंद्रक जात नाही. दोन्ही विधानं खरी, पण एकावरून दुसरं समजत नाही. मधे 'कारण' घालून म्हणायचं, आणि मग त्याच कारणाचा दुसरा कुणी भाऊ सापडतो का, ज्याच्या बाबतीत ते खोटं ठरतं, ते शोधायचं. ही दुसरी पायरी जीवशास्त्राची आहे. पहिली मात्र निखळ मराठीची आहे, आणि ती मी मामांकडून घेतली. वर्गात मी इतकी वर्षं इंग्रजी 'बिकॉज' घालायला सांगत होते. मुलं ते म्हणायची, पण त्यांना खटकायचं नाही. आपल्या भाषेत म्हटलेलं खोटं वाक्य कानाला खटकतं.

संध्याकाळ होत आली होती. मामींनी चहा आणला. चौदातले अकरा प्रश्न बघून झाले होते. त्यांतले चार खरोखरच अभ्यासाचे होते : पर्याय झाकून विचारल्यावर तिने प्रश्न बरोबर सांगितला, पण उत्तर आलं नाही. ते तिने धड्याच्या नावासकट वेगळे लिहिले. सात वाचण्याचे होते.

शेवटी ज्यावर आम्ही दोघं अडलो तो प्रश्न तिने बरोबर सोडवला होता, आणि तरी तो तिला कळला नव्हता. 'ऑल एन्झाइम्स आर प्रोटीन्स' हे विधान चूक, आणि 'ऑलमोस्ट ऑल एन्झाइम्स आर प्रोटीन्स' बरोबर. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकात दुसरं वाक्य आहे, आणि पुढे रायबोझाइमचा उल्लेख आहे, जी न्यूक्लिक आम्लं असून एन्झाइमचं काम करतात. एवढ्या एका 'ऑलमोस्ट'वर गुण फिरतात. मामा म्हणाले, "ठीक आहे, 'जवळजवळ' शब्दाला गोल करायचा." मग त्यांनीच विचारलं, "आणि 'ऑल एन्झाइम्स आर नॉट प्रोटीन्स' असं आलं तर?"

"तर चूक," मी म्हणाले. "कुठलंच एन्झाइम प्रोटीन नाही, असा अर्थ निघतो."

"मराठीत म्हण. सगळी एन्झाइम्स प्रोटीन नसतात. चूक आहे का हे?"

मराठीत ते बरोबर आहे. 'सगळेच आंबे गोड नसतात' म्हटलं तर काही गोड असतात, हे गृहीत असतं. आणि आपल्याकडे इंग्रजीत पेपर काढणारा माणूसही बहुधा कुठल्या तरी भारतीय भाषेत वाढलेला असतो. त्याने तो अर्थ मनात धरून तसं इंग्रजी लिहिलं असलं तर? मी म्हणाले की अशा वेळी बाकीचे तीन पर्याय आधी तपासावेत. त्यांतलं एक ठामपणे ठरलं तर ह्या वाक्यात अडकायचंच नाही. मामांना ते पुरेसं वाटलं नाही. मलाही पूर्ण वाटलं नाही, पण अर्ध्या मिनिटात ह्याहून चांगलं मला सुचत नाही.

मुलीला मात्र दुसरीच काळजी होती. "मी अर्जात कोणती भाषा टाकू?"

"मराठी," मामा म्हणाले.

"इंग्रजी," मी म्हणाले, आणि दोघांचं एकदमच बोलून झालं.

ती आमच्याकडे बघत राहिली. मग वही मिटून म्हणाली, "मॅडम, जुन्या दोन पेपरांची मराठी-इंग्रजी पुस्तिका मला पाठवा. एक नुसता इंग्रजी बघून सोडवते. दुसरा सर म्हणतात तसा, अडलं की मराठी सांगाडा बघून. दोन्हींना घड्याळ लावते. आणि दोन्हीत चुकलेल्यांचे पर्याय झाकून स्वतःलाच विचारते, म्हणजे वाचण्याचे किती आणि अभ्यासाचे किती, ते निघेल."

"वेळही लिहून ठेव," मामा म्हणाले. "दर पंधरा प्रश्नांना किती मिनिटं गेली ते."

"दर दहाला लिहिते," ती म्हणाली, आणि राहिलेले तीन प्रश्न बघायला पेपर पुन्हा उघडला.